डब्याचे दर वाढवायचेत, जुन्या मेंबरांना कसं कळवायचं?

भरीतपुरी (जळगाव)

नमस्कार मंडळी. घरगुती डबे देते, ४० मेंबर आहेत. १५ जण एमआयडीसी आणि बँकेतले, १३ कॉलेजची मुलं, १२ घरी राहणारे वयस्क. दोन वेळचा डबा, रविवार बंद, म्हणजे महिन्याला ५२ डबे. चार पोळ्या, भाजी, वरण-भात. बुधवारी रात्री शेवभाजी, शनिवारी कळण्याची भाकरी आणि ठेचा. दर ३००० आहे, दीड वर्षापूर्वी ठरवलेला. तेव्हा एका मेंबरमागे महिन्याचा खर्च २३०० पडायचा, आता २६०० पडतो. म्हणून ३३०० करायचाय. मेंबर चांगले आहेत, कोणी दुखवायला नको. मेसेज असा लिहिलाय:

> सर्व सन्माननीय ग्राहकांना कळविण्यात येते की, दिवसेंदिवस वाढत्या महागाईमुळे व गॅस सिलिंडरच्या दरवाढीमुळे आम्हाला नाइलाजास्तव डब्याच्या दरात थोडी वाढ करावी लागत आहे. तरी १ जूनपासून नवीन दर रु. ३३०० राहील. होणाऱ्या गैरसोयीबद्दल क्षमस्व. आपले सहकार्य असेच राहो ही नम्र विनंती. 🙏🙏

हा गटावर टाकू का? काही बदल सुचवा.

सातपुडा (नंदुरबार)

ताई, डबा महागलाय खरा. पण घ्यायच्या आधी डब्यावर १५ किलो लिहिलंय की १५ लिटर, ते बघत जा. १५ लिटरच्या डब्यात तेल साडेतेरा किलोच्या जरा वर भरतं. दोन दुकानांच्या भावात शंभर-दीडशेचा फरक दिसला की लोक स्वस्तातला उचलतात आणि सव्वा-दीड किलो तेल कमी घेऊन घरी येतात.

रिंगरोडवाला

सातपुडाभाऊ, जेवणाचा डबा म्हणताय त्या. 😄 तेलाचा नाही.

सातपुडा (नंदुरबार)

अरे हो. वाचलं अर्धवट. तरी ताईंना कामाचंच आहे ते.

हिशेबी (भुसावळ)

कामाचं आहेच. आता मेसेजकडे येऊ.

पहिली अडचण तारखेची. "१ जूनपासून" लिहिलंय, पण डब्याचा महिना सगळ्यांचा एकाच तारखेला सुरू होत नाही. कोणाचा ५ ला, कोणाचा १७ ला. ज्याने १७ मे ला ३००० भरले, तो १ जूनला विचारणार: मी १६ जूनपर्यंतचे पैसे दिलेत, आता वरचे द्यायचे का? दुसरा समजणार की त्याला नवा दर जुलैपासून आहे. चाळीस जणांपैकी तिसेक जण हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतील, आणि तुम्ही घाईत एकाला एक नि दुसऱ्याला दुसरं उत्तर द्याल. बोलणी तिथून सुरू होतात, तीनशे रुपयांवरून होत नाहीत. तेव्हा वाक्य असं हवं: "१५ जूननंतर तुमचा जो नवा महिना सुरू होईल, त्या दिवसापासून ३३००." १७ वाल्याला १७ जूनपासून, ५ वाल्याला ५ जुलैपासून. मधल्या पैशांचा हिशेबच उरत नाही.

दुसरी अडचण, आकडा चौथ्या ओळीत आहे आणि जुना दर कुठेच नाही. मोबाइलवर वरच्या दोन ओळी दिसतात. "महागाईमुळे नाइलाजास्तव" एवढं वाचल्यावर माणसाच्या मनात पाचशे-सातशेची वाढ येते. "३००० वरून ३३००" हे पहिल्याच ओळीत टाका.

तिसरी, सिलिंडर. १९ किलोच्या कमर्शियल सिलिंडरचा भाव साधारण दर महिन्याच्या एक तारखेला बदलतो, वरही जातो आणि खालीही येतो. ज्या महिन्यात उतरेल त्या महिन्यात कोणीतरी पेपरचं कात्रण पाठवून विचारेल, ताई, आता कमी करताय ना? कांदा-टोमॅटोचंही तसंच. एकदा वाढलं की खाली येत नाही असं कारण सांगा, म्हणजे पगार आणि भाडं. तेल-डाळ ओझरती चालेल, पण मेसेज त्यावर टांगू नका.

"थोडी वाढ" काढा. थोडी की जास्त, ते देणारा ठरवतो. आणि "क्षमस्व" कशाबद्दल?

केळीचं पान (रावेर)

मी वेगळं सांगते. मेसेज पाठवूच नका. पोळीचा गोळा जरा लहान करा, भात एक डाव कमी करा, भाजीत बटाटा वाढवा. महिन्याला अडीचशे-तीनशे सहज वाचतील, आणि कोणाला कळणारही नाही.

रिंगरोडवाला

कळतं हो. मी डबा घेणाऱ्यांतला आहे. पोळी घडी करून डब्याच्या खणात कडेपर्यंत बसायची, ती एक दिवस बोटभर आत बसते. मग डबा उघडला की आधी नजर तिथेच जाते, भाजी नंतर. त्यात दर वाढला तर मी घरी सांगतो "ताईंनी दर वाढवला", पोळी लहान झाली तर ऑफिसात चार जणांना सांगतो.

हिशेबी (भुसावळ)

बरोबर. शिवाय आकडाही जमत नाही. चार पोळ्या, ५२ डबे, म्हणजे महिन्याला एका मेंबरच्या २०८ पोळ्या. गोळ्यात ५ ग्रॅम कमी केले तरी कणकेचा एक किलो आणि वर ४० ग्रॅम वाचतात, आणि कणकेत पाणीही आलं. पिठाचे पाऊण किलोसुद्धा नाही भरत. तीस-पस्तीस रुपयांसाठी रोजची पोळी बिघडवायची. ३०० वाचवायचे तर भाजी-वरणालाच हात घालावा लागेल, आणि ते लपत नाही.

केळीचं पान (रावेर)

बरं, पोळीचं सोडलं. पण मग एवढं घाबरायचं कशाला? सरळ हिशेब आहे. आत्ता मेंबरमागे ४०० सुटतात, ४० जणांचे १६,०००. नव्या दरात ७०० सुटतील. २३ मेंबर राहिले तरी १६,१०० येतात. म्हणजे १७ जण गेले तरी ताईंचं काही जात नाही, उलट काम कमी.

हिशेबी (भुसावळ)

दिशा बरोबर, पण १७ चुकलं. भरीतपुरीताई, २६०० मध्ये दर महिन्याला ठरलेला खर्च किती आहे? पगार, भाडं?

भरीतपुरी (जळगाव)

पोळ्यावाल्या मावशी १०,०००, डबे पोहोचवणारे भाऊ ८,०००, खोलीचं भाडं ६,०००. एकूण २४,०००. बाकी किराणा, भाजी, गॅस.

हिशेबी (भुसावळ)

मग बघा. २४,००० भागिले ४० म्हणजे प्रत्येकी ६००. हे मेंबर गेला तरी कमी होत नाहीत. १७ मेंबर गेले म्हणून मावशी ५,७५० वर पोळ्या लाटणार नाहीत आणि घरमालक भाडं सोडणार नाही. मेंबर गेल्यावर वाचतात ते फक्त २०००.

तेव्हा नव्या दरात एक मेंबर ३३०० देतो, २००० त्याच्यावरच खर्च होतात, उरतात १३००. २३ मेंबरांचे २९,९००, त्यातून २४,००० वजा, हातात ५,९००. सोळा हजार नाहीत. आजच्याइतके मिळवायला ३१ मेंबर लागतात: ४०,३०० वजा २४,०००, म्हणजे १६,३००. तर गेलेले चालतील ते नऊ. दहावा गेला की दरवाढ तोट्यात. आणि कोणीच गेलं नाही तर १६ चे २८ हजार होतात.

हा नऊचा आकडा कागदावर लिहून ठेवा. पहिल्या दिवशी दोघं "बंद करतो" म्हणाले की हात-पाय गळतात आणि माणूस सगळ्यांनाच पुन्हा ३१०० सांगून बसतो. दोघं गेले तर काही बिघडत नाही, हे आधीच माहीत असलं की तसं होत नाही.

केळीचं पान (रावेर)

हां, हे लक्षात नव्हतं आलं. नऊ तर नऊ.

चंद्रकोर (अमळनेर)

वर ५ टक्के जीएसटी लिहून टाकायचा ना. ३००० + १५०. सरकारचं नाव आलं की कोणी बोलत नाही.

हिशेबी (भुसावळ)

अजिबात नको. चाळीस मेंबर, ३३००, बारा महिने, एकूण १५ लाख ८४ हजार. सेवेची नोंदणी २० लाखांच्या उलाढालीनंतर लागते. नोंदणी नसताना ग्राहकाकडून जीएसटी म्हणून पैसे घेताच येत नाहीत. बँकेतले मेंबर आहेत, पावतीवर नंबर मागतील, मग काय दाखवणार? दरवाढ दरवाढ म्हणूनच सांगा.

भरीतपुरी (जळगाव)

समजलं. गटावर टाकू की एकेकाला? ब्रॉडकास्ट करता येतो का?

तापीकाठ (चोपडा)

गटावर नको. गटात पहिलं उत्तर जसं येतं तसे पुढचे येतात. एकाने "खूप जास्त आहे ताई" लिहिलं की ज्याची काही तक्रार नव्हती तोही खाली अंगठा दाखवतो. एरवी तोच माणूस एकट्याला "ठीक आहे" म्हणाला असता.

ब्रॉडकास्ट लिस्ट चांगली, एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात आणि प्रत्येकाला मेसेज वैयक्तिक आल्यासारखा दिसतो. पण गोम अशी की ज्याच्या मोबाइलमध्ये तुमचा नंबर सेव्ह नाही, त्याला ब्रॉडकास्ट पोहोचतच नाही. तुम्हाला वाटतं सगळ्यांना गेला. कॉलेजची मुलं बऱ्याचदा नंबर सेव्ह करत नाहीत, जुन्या चॅटवरूनच बोलतात. पाठवल्यावर मेसेज दाबून धरा, "माहिती" उघडा, कोणाकोणाला पोहोचला ती यादी दिसते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत जी नावं त्यात नाहीत, त्यांना तोच मेसेज हाताने पाठवा.

वेळ रात्री साडेआठ-नऊची. रात्रीचे डबे पोहोचलेले असतात, तुम्हीही मोकळ्या असता. सकाळी अकराला पाठवला तर उत्तरं येतील तेव्हा तुम्ही फोडणीवर.

रिंगरोडवाला

आणि बुधवारी शेवभाजीनंतर पाठवा. 😄 चेष्टा नाही, भाजी खारट झालेल्या दिवशी पाठवू नका एवढं बघा.

जुनं जळगाव

एक मुद्दा कोणी काढला नाही. १२ वयस्क मेंबर आहेत ना? त्यातल्या बऱ्याच जणांचे पैसे पुण्या-मुंबईहून मुलगा किंवा सून पाठवत असेल. खाणारा वेगळा, देणारा वेगळा. मेसेज आजोबांना केला तर ते म्हणतील "हो हो, ठीक आहे" आणि मुलाला सांगायचं विसरतील. महिना भरला की मुलगा नेहमीसारखे ३००० पाठवतो, तुम्ही ३०० मागता, आणि त्याला वाटतं म्हाताऱ्या माणसांना एकटं बघून दर वाढवला. हा गैरसमज फार वाईट, बोलून दाखवत नाहीत पण मनात राहतो.

म्हणून अशा घरात आधी पैसे देणाऱ्याला फोन. "वडिलांच्या डब्याचा दर १५ जूननंतर ३३०० होतोय, मेसेजही पाठवतेय, बाबांना तुम्ही सांगता की मी सांगू?" एवढंच. त्यानंतर आजी-आजोबांना सांगा. नुसतं डबेवाल्या भाऊंवर सोडू नका. ते दारात "ताईंनी तीनशे वाढवलेत" एवढंच सांगतील, कधीपासून ते राहूनच जाईल. आणि चिठ्ठी द्यायची असेल तर पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात. डब्याला चिकटवली की वरण सांडतं आणि शाई पसरते.

कात्रीवाले (धुळे)

धागा चांगला चाललाय म्हणून विचारतो. सलून आहे. कटिंग १०० ची १२० करायची आहे. गिऱ्हाईक ठरलेलं, पण महिन्याचा हिशेब नसतो, नंबरही अर्ध्यांचेच आहेत. असाच मेसेज करू का?

हिशेबी (भुसावळ)

तुमचं गणित वेगळं आहे. तुमचं गिऱ्हाईक पैसे काम झाल्यावर देतं, आणि ठरलेलं गिऱ्हाईक तीन-चार आठवड्यांनी येतं. म्हणजे पाच आठवडे आधी आरशाजवळ पाटी लावली की बहुतेकांनी ती जुन्या दराच्या कटिंगला बसल्या-बसल्या एकदा वाचलेली असते. मेसेजपेक्षा ते बरं. पाटीवर दोन्ही आकडे आणि तारीख. दारावर लावू नका, तिथे नवं गिऱ्हाईक थबकतं आणि जुनं वाचत नाही. केस कापून झाल्यावर "वीस वाढलेत" सांगणं मात्र टाळा.

कात्रीवाले (धुळे)

हाई बरोबर शे भाऊ. पाटीच लावतो.

चंद्रकोर (अमळनेर)

जुन्या मेंबरांना जुनाच दर ठेवून फक्त नव्यांना ३३०० केलं तर? नाहीतर जे पाच-सहा एकदम जुने आहेत त्यांना ३१५०?

तापीकाठ (चोपडा)

फक्त नव्यांना केलं तर आत्ताचा खर्च भागत नाही, प्रश्न तसाच राहतो. आणि काहींनाच ३१५० केलं तर ते लपत नाही. एमआयडीसीत एकाच कंपनीत चार डबे एका पिशवीत जातात, चौघं एकत्र जेवतात. एक म्हणतो मी ३१५० देतो, तीन जणांचं तोंड कडू. खरं तर सवलत द्यायचीच असेल तर सगळ्यांना सारखी: जुना दर महिनाभर जास्त. ते तुमच्या तारखेच्या वाक्यात आलंच आहे.

क्रम मात्र पाळा. नव्या मेंबरला ३३०० सांगायला सुरुवात करायची ती जुन्यांना मेसेज गेल्यानंतरच. कॉलेजच्या मुलांत खोलीवर नवा पार्टनर आला की पहिला प्रश्न डब्याचाच असतो. जुन्याला दरवाढ नव्याच्या तोंडून कळली की मेसेज कितीही गोड लिहा.

भरीतपुरी (जळगाव)

तिघांनी तीन-तीन महिन्यांचे आगाऊ दिलेत. एकाचे ऑगस्टपर्यंतचे आहेत. त्यांच्याकडून फरक घ्यायचा का? आणि खाड्याचं काय? आत्ता आदल्या रात्री ९ पर्यंत कळवलं तर एका डब्याचे ४५ वजा करते.

हिशेबी (भुसावळ)

आगाऊवाल्यांकडून एक रुपयाही नको. त्यांनी ठरलेल्या दराने पैसे आधी दिले, सौदा झाला. पण मेसेजमध्ये तसं लिहा, नाहीतर ते धास्तावतील. आणि मेसेज गेल्यानंतर कोणी "ताई, सहा महिन्यांचे आत्ताच ३००० ने देतो" म्हणालं तर? तेही आधी ठरवून ठेवा. माझं मत, एक महिन्याचे घ्या, जास्त नको. नाहीतर दहा जण तसं करतील आणि डिसेंबरपर्यंत दरवाढ कागदावरच.

खाडा ४५ च ठेवा. डबा गेला नाही की तुमचा वाचतो तो कच्चा माल, २००० भागिले ५२, म्हणजे ३८-३९ रुपये. मावशी त्या दिवशीही येतात. ४५ देताय तेच वरचे आहेत.

रिंगरोडवाला

इथे मी विरोधात. घेणाऱ्याच्या डोक्यात साधा भागाकार असतो: ३३०० भागिले ५२, म्हणजे ६३. डबा महागला तर खाडाही वाढायला हवा. दर वाढला आणि खाडा तोच, हे मेंबर पहिल्या खाड्याला पकडणार. ५० करा. महिन्याला चार खाडे धरले तर २० रुपयांचा प्रश्न.

हिशेबी (भुसावळ)

एका मेंबरचे २०, चाळिसांचे ८००. आणि आज ५०, पुढच्या वेळी ५५. खाड्याचा दर डब्याच्या दराला बांधला की सुटत नाही.

रिंगरोडवाला

८०० रुपयांत चाळीस जणांचं तोंड गप्प होत असेल तर स्वस्त आहे भाऊ.

जुनं जळगाव

दोघांचंही पटतं. ताईंनी ठरवावं. मात्र ४५ ठेवा की ५० करा, मेसेजमध्ये लिहा. न लिहिलेला खाडा म्हणजे भांडण.

केळीचं पान (रावेर)

ज्यांना ३३०० जमणार नाही त्यांच्यासाठी लहान डबा ठेवला तर? तीन पोळ्या, भाजी, वरण. भात नाही. ३००० मध्येच.

तापीकाठ (चोपडा)

कल्पना वाईट नाही, वयस्कांना तेवढंच लागतं. पण भात आणि एक पोळी काढून महिन्याला ३०० वाचतात का ते आधी मोजा. माझ्या अंदाजाने कच्च्या मालात तेवढे वाचायचे नाहीत. मग वीस जण लहान डब्यावर गेले की दरवाढ तिथेच जिरली. वर दोन प्रकारचे डबे भरायचे, म्हणजे झाकणावर खूण हवी. एकाला भात गेला नाही की संध्याकाळी फोन. ठेवायचाच तर पहिल्या मेसेजमध्ये लिहू नका, जो "जमत नाही" म्हणेल त्यालाच सांगा.

जुनं जळगाव

मग ज्याने तोंड उघडलं त्याला मिळालं आणि गप्प बसला त्याला नाही. तेही बरोबर नाही वाटत.

चंद्रकोर (अमळनेर)

दर पुन्हा कधी वाढवणार, ते सांगायचं का? "वर्षभर वाढ नाही" असं?

जुनं जळगाव

वर्षभर म्हणण्यापेक्षा "पुढच्या आखाजीपर्यंत" म्हणा. खान्देशात सालदाराचं साल आखाजीला ठरतं, वर्षातून एकदा बोलणी, मग वर्षभर शब्द. तेच इथे. पुढच्या वेळी आखाजी आली की लोकांना आपणहून अपेक्षित असेल, दचकणार नाहीत.

हिशेबी (भुसावळ)

हे मला आवडलं, पण शब्द देण्याआधी पेलवतो का बघा. दीड वर्षात खर्च ३०० ने वाढला, म्हणजे महिन्याला सोळा-सतरा रुपये. आखाजीपर्यंत दहा-अकरा महिने धरले तर १८० च्या आसपास. ७०० सुटणार ते ५२० वर येतील. आजच्या ४०० पेक्षा बरेच. पेलवतंय. द्या शब्द.

आणि एक, पहिल्या महिन्यात दहा जण तरी सवयीने ३००० च पाठवतील. काहींनी मोबाइलमध्ये दरमहा आपोआप जाणारी रक्कमच लावून ठेवलेली असते, ती बदलायला विसरतात. त्याच दिवशी उत्तर द्या: "३००० मिळाले. नवा दर ३३०० आहे, राहिलेले ३०० पुढच्या महिन्यात जोडून दिले तरी चालतील." आठवडाभर थांबून मागितले की ती वसुली वाटते. न मागता सोडले तर पुढच्या महिन्यातही ३००० च येतील.

भरीतपुरी (जळगाव)

सगळं धरून असा केलाय. उद्या रात्री पाठवते. आधी पुण्याचे-मुंबईचे सात फोन दुपारी उरकते.

> नमस्कार. दोन वेळच्या डब्याचा दर ३००० वरून ३३०० होत आहे.
> १५ जूननंतर तुमचा जो नवा महिना सुरू होईल, त्या दिवसापासून नवा दर. तोपर्यंत ३०००च. ज्यांनी पुढचे पैसे आधीच दिलेत, त्यांना ते संपेपर्यंत फरक द्यायचा नाही.
> आधीचा दर दीड वर्षापूर्वीचा आहे. तेव्हापासून पोळ्यावाल्या मावशींचा आणि डबा पोहोचवणाऱ्या भाऊंचा पगार वाढवला, तेल-डाळीचा खर्चही वाढला.
> डब्यात आहे तेच आणि तेवढंच राहील. बुधवारची शेवभाजी, शनिवारची कळण्याची भाकरीही. खाडा आदल्या रात्री ९ पर्यंत कळवल्यास एका डब्याचे ५० वजा (आधी ४५).
> पुढच्या आखाजीपर्यंत हाच दर राहील.
> काही विचारायचं असेल तर दुपारी ३ ते ५ मध्ये फोन करा.

लहान डब्याचं अजून ठरत नाही. एक दिवस भात आणि पोळी वजन करून बघते, मग सांगते.

रिंगरोडवाला

खाडा ५० 👍

हिशेबी (भुसावळ)

खाड्यावर हरलो. मेसेज चांगला आहे, फक्त कॉलेजची १३ मुलं उन्हाळ्यात गावी असतील. त्यांचा डबा बंद आहे, त्यांना "तुमचा नवा महिना" कळणार नाही. त्यांच्या मेसेजमध्ये ती ओळ बदला: "परत आल्यावर डबा सुरू कराल तेव्हा दर ३३०० असेल. १५ जूनच्या आत सुरू केला तर पहिला महिना ३०००." त्यांची लिस्ट वेगळी करा.

भरीतपुरी (जळगाव)

हो, ते राहिलंच होतं. दोन लिस्ट करते.

सातपुडा (नंदुरबार)

ताई, तो तेलाचा डबा किलोचा निघाला की लिटरचा?

भरीतपुरी (जळगाव)

लिटरचा. 🤦‍♀️